विद्यार्थी नावाचा रोल बनवू नका

आमच्या फुकट पायथन वर्गाच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर एके संध्याकाळी एक मुलगा आला आणि गप्पांच्या चॅनेलात दर पाच मिनिटांनी कुठल्याशा क्लासची जाहिरात चिकटवू लागला. त्या दिवशी देखरेख एका ताईंकडे होती. त्यांनी त्याला ‘गप्प’ हा रोल दिला. हा रोल आम्ही मोठ्या हौसेनं बनवला होता. ज्याला तो मिळेल त्याला कुठेच लिहिता येणार नाही, अशी प्रत्येक चॅनेलात लाल फुली मारून ठेवली होती. पाच मिनिटांनी जाहिरात पुन्हा आली. ताईंचा फोन आला, “दादा, गप्प केलंय त्याला, तरी बोलतोय.” मी म्हटलं, रोलच्या यादीत ‘गप्प’ सगळ्यात वर ओढा. त्यांनी ओढला. जाहिरात परत आली.

त्या रात्री आम्ही त्याला हाकलला आणि प्रश्न मिटला. पण चुकलं काय, हे कळायला मला दोन दिवस लागले. कळलं तेव्हा लक्षात आलं, की चूक त्या ‘गप्प’ रोलमध्ये नव्हतीच. ती पहिल्याच दिवशी केलेल्या ‘विद्यार्थी’ रोलमध्ये होती.

ज्यांनी डिस्कॉर्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. २०१५ मध्ये हे सुरू झालं ते व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना आपापसात बोलता यावं म्हणून. व्हॉट्सअॅपच्या गटात सगळी बोलणी एकाच दोरीवर वाळत घातलेली असतात. सकाळी विचारलेली शंका दुपारच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. डिस्कॉर्डवर एका गटाला, म्हणजे ‘सर्व्हर’ला, वेगवेगळ्या खोल्या करता येतात. त्या खोल्या म्हणजे चॅनेल. कोणी कुठल्या खोलीत जायचं, कुठे नुसतं वाचायचं, कुठे लिहायचं आणि कोणी दुसऱ्याचं लिहिलेलं पुसायचं, हे ठरतं रोलवरून. एका माणसाला कितीही रोल देता येतात. गोंधळ सुरू होतो तो इथूनच.

प्रत्येक सर्व्हरमध्ये एक रोल जन्मतःच असतो, `@everyone`. तो पुसता येत नाही आणि कोणाकडून काढूनही घेता येत नाही. जो आत आला त्याला तो मिळाला. बाकीचे रोल त्याच्यावर चढतात, आणि चढताना ते फक्त बेरीज करतात. सर्व्हरच्या पातळीवर रोलला परवानगी ‘देणं’ कळतं, ‘काढून घेणं’ कळत नाही. तुमच्या पाच रोलपैकी एकानंही एखादी परवानगी दिली असेल, तर उरलेल्या चारांत ती बंद असली तरी तुम्हाला ती आहे.

काढून घेण्याची सोय आहे ती चॅनेलच्या पातळीवर. तिथे प्रत्येक रोलपुढे प्रत्येक परवानगीला तीन खुणा असतात. हिरवी बरोबर म्हणजे या खोलीत द्या, लाल फुली म्हणजे या खोलीत नको, आणि मधली करडी तिरकी रेघ म्हणजे माझं काही म्हणणं नाही, वरून जे आलं ते चालू द्या. आता आमच्या जाहिरातवाल्या मुलाचा हिशेब मांडू. `#gappa` या चॅनेलात `Send Messages`, म्हणजे लिहिण्याची परवानगी, अशी होती:

```
@everyone     ✗
विद्यार्थी      ✓
गप्प          ✗
```

सगळं कुलूपबंद असावं म्हणून `@everyone`ला फुली, आणि नियम वाचून ‘विद्यार्थी’ झालेल्याला बरोबर. मुलाकडे तिन्ही रोल होते. डिस्कॉर्ड हिशेब करतं तो असा. आधी `@everyone`ची खूण पाहतं, म्हणजे नाही. मग त्या माणसाच्या बाकीच्या सगळ्या रोलच्या लाल फुल्या एकत्र करून लावतं, अजूनही नाही. आणि त्यानंतर त्या सगळ्या रोलच्या हिरव्या खुणा एकत्र करून लावतं. ‘विद्यार्थी’ची एक हिरवी खूण आहे, म्हणून उत्तर झालं हो. रोलमध्ये हिरव्या-लालची गाठ पडली की हिरवी जिंकते. कुठला रोल यादीत वर आहे याच्याशी या हिशेबाचा काडीचा संबंध नाही. मी ताईंना फोनवर दिलेला सल्ला म्हणूनच निरुपयोगी होता. त्या हिरवीवर मात करू शकते ती फक्त त्या एका माणसाच्या नावानं त्या चॅनेलात मारलेली फुली. पण दर उपद्रवी माणसामागे प्रत्येक चॅनेलात जाऊन फुल्या कोण मारत बसणार?

म्हणून आता माझं मत पक्कं झालं आहे. शिकण्यासाठी काढलेल्या सर्व्हरवर विद्यार्थी म्हणजेच `@everyone`. त्याच्यासाठी वेगळा रोल काढायचं कारण नाही. लिहिण्याची परवानगी `@everyone`ला सरळ द्या, आणि जिथे नको तिथेच त्याला फुली मारा. कोणी दंगा केला तर ‘गप्प’ रोल नको, डिस्कॉर्डचा स्वतःचा टाइमआउट वापरा. माणसाच्या नावावर टिचकी मारून ६० सेकंदांपासून एक आठवड्यापर्यंतची मुदत निवडायची. तेवढा वेळ त्याला वाचता येतं, लिहिता किंवा बोलता येत नाही, मग त्याच्या खिशात कितीही हिरव्या खुणा असोत. मुदत संपली की तो आपोआप मोकळा होतो. तुम्हाला आठवण ठेवावी लागत नाही.

“मग नियम न वाचता लोक आत येतील,” असं आमच्या गटात कोणीतरी म्हणालंच. त्याचीही सोय आहे. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये `Enable Community` सुरू केलं, की नियम दाखवून संमती घेणारा पडदा लावता येतो. नवा माणूस नियमांखालच्या चौकटीत खूण करेपर्यंत त्याला तोंड उघडता येत नाही. पूर्वी हेच काम करायला लोक बाहेरचा बॉट आणत. बॉट म्हणजे सर्व्हरवर आपोआप काम करणारा प्रोग्रॅम. “अंगठ्यावर टिचकी मारा म्हणजे विद्यार्थी व्हाल” अशी पाटी लागायची. तो बॉट कधी झोपला की पन्नास मुलं दारात उभी.

बॉट आणलाच, तर एक खाचखळगा लक्षात असू द्या. यादीतली रोलची उंची परवानग्यांच्या हिशेबात चालत नसली तरी अधिकाराच्या उतरंडीत चालते. कोणीही, माणूस असो वा बॉट, आपल्या सर्वांत वरच्या रोलच्या खालचेच रोल वाटू शकतो आणि खालच्याच लोकांवर कारवाई करू शकतो. नवा बॉट आला की त्याचा रोल यादीत तळाशी बसतो. मग तो मुकाट राहतो, रोल देत नाही, आणि आपण तासभर सेटिंग उलटीपालटी करतो. त्याचा रोल वाटायच्या रोलच्या वर ओढला की काम भागतं.

तर रोल किती हवेत? दीड-दोनशे जणांच्या सर्व्हरला तीन-चार पुरतात. मी ते करताना एकच प्रश्न विचारतो, हा रोल अधिकारासाठी आहे की हाक मारण्यासाठी?

अधिकाराचा रोल आमच्याकडे खरं तर एकच आहे, ‘संयोजक’. त्याला दुसऱ्यांचे संदेश पुसता येतात, टाइमआउट देता येतो, प्रश्नांचे धागे बंद करता येतात. एवढंच. चॅनेल बनवण्या-मोडण्याची परवानगी, `Manage Channels`, त्यांना मुद्दाम दिलेली नाही. डिस्कॉर्डवर चॅनेल पुसला की त्यातलं सगळं गेलं, परत आणता येत नाही. आमचा शंकांचा एक चॅनेल एका मदतनीसाच्या हातून फोनवर असाच गेला. बिचारा तो नुसतं नाव बदलायला गेला होता. आणि `Administrator` ही परवानगी तर कोणालाच ‘सोयीसाठी’ देऊ नये. ती ज्याच्याकडे आहे त्याला कुठल्याच चॅनेलातली कुठलीच फुली लागू होत नाही. टाइमआउटसुद्धा नाही. बरेच बॉट ती मागतात. मागू देत.

बाकीचे रोल हाक मारण्यासाठी. ‘मदतनीस’, ‘सोमवारची तुकडी’, ‘शनिवारची तुकडी’. त्यांच्या सगळ्या परवानग्या बंद. एकही हिरवी खूण नाही. तरी ते उपयोगी आहेत, कारण ‘सोमवारची तुकडी’ला हाक मारली की त्याच मुलांचा फोन वाजतो. मदतनीसांच्या नावाला आम्ही वेगळा रंग दिला आहे, म्हणजे उत्तर कोणी दिलं हे नवख्याला चटकन दिसतं. अधिकार मात्र काही नाही, आणि ते त्यांना आवडतंही. मदत करायला आलेल्या माणसाला पोलिसगिरीची हौस असतेच असं नाही.

`@everyone`कडून एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी काढून घ्या. सगळ्यांना एकदम हाक मारण्याची परवानगी, `Mention @everyone, @here, and All Roles`. डिस्कॉर्डवर खाती चोरीला जाण्याचं प्रमाण काही कमी नाही. कालपर्यंत शहाण्यासारखा लूपबद्दल विचारणारा मुलगा रात्री दोन वाजता अचानक ‘फुकट नायट्रो’ची लिंक टाकतो. नायट्रो म्हणजे डिस्कॉर्डची पैसे भरून मिळणारी वर्गणी. ती लिंक टाकणारा तो नसतोच, त्याच्या खात्यात दुसरं कोणी शिरलेलं असतं. ही परवानगी चालू असेल तर ती एक लिंक सगळ्यांचे फोन वाजवते, आणि त्यातले काही झोपेत टिचकी मारतात.

आता खोल्यांकडे वळू. डिस्कॉर्ड एका सर्व्हरवर ५०० चॅनेल करू देतं, आणि नव्या सर्व्हरच्या मालकाला त्यातले चाळीस पहिल्याच रात्री करावेसे वाटतात. मीही केले होते. पायथन, जावास्क्रिप्ट, गणित, इंग्रजी, नोकरी, मीम, संगीत. महिन्याभरानं त्यातल्या तीसेक खोल्यांत शेवटचा संदेश माझाच होता. नवा मुलगा येतो, रिकाम्या खोल्यांची रांग पाहतो आणि कुठे विचारावं ते न कळून निघून जातो. आता आमच्याकडे सात आहेत:

```
#niyam      नियम
#soochana   सूचना
#prashna    शंका
#dakhva     आपण केलेलं काम
#gappa      गप्पा
Varg        बोलण्याची खोली, वर्गासाठी
#sanyojak   फक्त संयोजकांना दिसणारी
```

नावं रोमन अक्षरांत आहेत, कारण मुलं `#` टाकून खोली शोधतात ती रोमनमध्येच. `#soochana`मध्ये `@everyone`च्या लिहिण्याला फुली आहे. पण तिथेही एक भोक असतं. लिहिणं बंद केलं तरी धागा काढणं ही वेगळी परवानगी आहे. “उद्या वर्ग नाही” या सूचनेखाली मुलं धागा काढून शंभर संदेशांची मैफल जमवतात, आणि आपण म्हणतो, बंद केलं होतं ना! तिथे `Create Public Threads`लाही फुली मारावी लागते.

या सातांतला खरा महत्त्वाचा चॅनेल `#prashna`. तो साधा चॅनेल नाही, फोरम प्रकारचा आहे. साध्या चॅनेलात तीन मुलांनी एकदम विचारलं की तिघांची उत्तरं एकमेकांत गुंततात. फोरममध्ये प्रत्येक प्रश्नाला मथळा द्यावा लागतो आणि त्याचा स्वतःचा धागा होतो. ‘पायथन डिस्कॉर्ड’ हा पायथन शिकणाऱ्यांचा जगातला फार मोठा, फुकट सर्व्हर. फोरमची सोय येण्याआधी तिथे याच अडचणीवर मोठी नामी युक्ती होती. त्यांनी आर्गॉन, कार्बन अशा मूलद्रव्यांच्या नावांचे मदतीचे चॅनेल केले होते. प्रश्न विचारला की तो चॅनेल ‘मोकळ्या’ रांगेतून ‘व्यापलेल्या’ रांगेत जायचा, काम झालं की ‘निद्रिस्त’ व्हायचा, आणि हे सगळं त्यांचा स्वतःचा बॉट फिरवायचा. २०२२ मध्ये डिस्कॉर्डनं फोरम आणला आणि पुढे त्यांनीही ती यंत्रणा सोडून फोरम घेतला. आपल्यासारख्या लहान गटाला ती उठाठेव करावी लागत नाही, हे आपलं नशीब.

फोरमला २० पर्यंत टॅग करता येतात. आम्ही पाच ठेवले आहेत: पहिला महिना, लूप आणि फंक्शन, फाइल, इन्स्टॉल होत नाही, आणि सुटला. टॅग निवडल्याशिवाय प्रश्न टाकताच येणार नाही असा पर्याय आहे, तो चालू केला आहे. सुरुवातीला ‘सुटला’ हा टॅग फक्त संयोजकांना लावता येईल असं आम्ही ठेवलं होतं. तो उगाच शहाणपणा होता. प्रश्न सुटला की नाही हे विचारणाऱ्यालाच ठाऊक असतं. आता तोच लावतो. चॅनेल नीट चालला आहे की नाही हे ओळखायची माझी खूण साधी आहे. रविवारी सकाळी फोरम उघडायचा आणि ‘सुटला’ नसलेले धागे मोजायचे. ‘इन्स्टॉल होत नाही’खाली एकच प्रश्न तीनदा आलेला दिसला, की उत्तर धाग्यात देत बसायचं नाही. ते वर्गात दाखवायचं आणि फोरमच्या माथ्यावरच्या मार्गदर्शक मजकुरात घालायचं.

नवख्याला दारातच “तुला काय शिकायचं आहे?” असं विचारून त्याप्रमाणे रोल आणि खोल्या देणारी `Onboarding` ही सोयही डिस्कॉर्डकडे आहे. पण तिची अट आहे की किमान सात चॅनेल सगळ्यांना दिसले पाहिजेत आणि त्यातल्या पाचांत `@everyone`ला लिहिता आलं पाहिजे. आमचा सर्व्हर त्या अटीत बसत नाही, आणि अट भागवण्यासाठी रिकाम्या खोल्या बांधायला मी तयार नाही. चार-पाच विषय शिकवणाऱ्या मोठ्या गटाला ती जरूर उपयोगी पडेल.

नियमांच्या बाबतीत बहुतेक सर्व्हर एकच पान उचलतात: आदराने वागा, शिवीगाळ नको, स्पॅम नको. ते हवंच, पण शिकण्याच्या जागेला त्यापलीकडचे नियम लागतात. ‘पायथन डिस्कॉर्ड’च्या यादीतले दोन मला फार नेमके वाटतात. चालू असलेल्या परीक्षेत मदत करायची नाही, आणि गृहपाठ असेल तर तो कसा करायचा हे शिकवायचं, करून द्यायचा नाही. दुसरा, पैसे देऊन किंवा घेऊन करायचं कुठलंही काम इथे मागायचं नाही आणि देऊ करायचं नाही. दुसरा नियम वरवर कडक वाटतो. पण फुकट शिकवणाऱ्या जागी “माझा प्रोजेक्ट करून द्या, पाचशे देतो” हे एकदा खपलं, की मदतनीस फुकटच्या प्रश्नांकडे हळूहळू पाठ फिरवतात. हे दोन्ही आम्ही आपल्या शब्दांत घेतले आणि आणखी दोन घातले.

एक, मदत चॅनेलातच, खाजगी संदेशात नाही. यामागे दोन कारणं आहेत. खाजगीत दिलेलं उत्तर पुढच्या मुलाला सापडत नाही. आणि डिस्कॉर्डवर १३ वर्षांपासून खातं उघडता येतं, तेव्हा आमच्याकडे शाळकरी मुलं-मुलीही आहेत. अनोळखी मोठ्या माणसानं त्यांना एकट्यात गाठू नये. संयोजकाला सदस्यांचे खाजगी संदेश दिसत नाहीत आणि कायमचे बंदही करता येत नाहीत. सर्व्हरवर हल्ला झाला तर फार तर चोवीस तास थांबवता येतात. म्हणून हा नियम लिहूनच ठेवावा लागतो, आणि सर्व्हरमधल्या लोकांचे खाजगी संदेश आपल्यापुरते कसे बंद करायचे, हे प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच वर्गात दाखवावं लागतं.

दुसरा नियम, उत्तर मिळाल्यावर प्रश्न पुसायचा नाही. मुलांना आपला ‘बावळट’ प्रश्न मागे ठेवायची लाज वाटते. पण मूळ संदेश पुसला तरी धागा राहतो, आणि मदतनीसानं अर्धा तास खर्चून लिहिलेलं उत्तर अधांतरी लोंबकळतं. कशाचं उत्तर, ते कोणालाच कळत नाही.

प्रत्येक नियमापुढे मोडला तर काय होईल तेही आम्ही लिहिलं आहे: आधी सांगणं, मग एक तासाचा टाइमआउट, मग एक दिवसाचा, मग बाहेर. जाहिरात आणि खाजगीत त्रास देणं याला पायऱ्या नाहीत, थेट बाहेर. कोणी कोणावर काय कारवाई केली याची नोंद सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये आपोआप होते, पण ती ४५ दिवसच टिकते. म्हणून `#sanyojak`मध्ये एक ओळ लिहून ठेवायची आमची रीत आहे.

डिस्कॉर्डचा `AutoMod` ठरावीक शब्द असलेला संदेश दारातच अडवतो. मराठीसाठी त्याला थोडं शिकवावं लागतं. तो पूर्ण शब्द जुळवतो आणि आपले शब्द प्रत्ययांनी वाढतात. ‘क्लास’ अडवला तरी ‘क्लासला’ आणि ‘क्लासमध्ये’ सुखरूप निसटतात. शब्दाच्या शेवटी तारा लावला, म्हणजे `क्लास*` लिहिलं, की पुढचं काहीही चालतं. अर्थात हा शब्द खरोखर अडवू नका, पायथनमध्येही क्लास असतात. आम्ही अडवून पाहिला आणि आठवडाभर मुलांना ऑब्जेक्टबद्दल विचारताच येईना. रोमनमध्ये लिहिलेल्या मराठी शिव्यांची स्पेलिंगं इतकी, की ती यादी कधी पुरी होत नाही. आम्ही शेवटी शब्दांचा नाद सोडून लिंकवर भर दिला. जाहिरातवाले बहुतेक टेलिग्रामकडे ओढतात, म्हणून `*t.me/*` आणि दुसऱ्या सर्व्हरचं आमंत्रण असलेलं `*discord.gg/*` अडवलं. त्यानंतर जाहिराती जवळपास थांबल्या.

हे सगळं करून झालं की रोलच्या यादीत `View Server As Role` म्हणून एक पर्याय आहे, तिथून सर्व्हर `@everyone`च्या डोळ्यांनी बघा. मालकाला सगळी दारं उघडीच दिसतात, त्यामुळे आपली चूक आपल्याला कधी दिसत नाही. `#sanyojak` दिसत नाही ना, `#soochana`त लिहिता येत नाही ना, `#prashna`त येतं ना, तेवढं तपासायला पाच मिनिटं पुरतात.

आणि एक काम आजच करा. सर्व्हर एकाच खात्याच्या नावावर असतो, तुमच्या. संयोजकांवर दोन टप्प्यांच्या लॉगिनची सक्ती करणारा पर्याय चालू करा, आधी स्वतःच्या खात्याला ते लावा, आणि त्या वेळी मिळणारे बॅकअप कोड फोनमध्ये न ठेवता कागदावर उतरवून घरात ठेवा.